लाईनचं काम झाल्यावर पाणी कमी झालं? मोटर उलटी फिरतेय का ते आधी बघा



पाऊस संपला की माडा-पोफळीचं शिंपण सुरू होतं, वायंगण करणाऱ्यांच्या मोटरी तर रोजच चालतात. याच दिवसांत एक तक्रार हमखास येते : "मोटर चालू होते, आवाज बरोबर आहे, विहिरीत पाणीही आहे, पण पाईपातून पाणी निम्मंसुद्धा येत नाही." अशा वेळी बहुतेक जण फूटव्हॉल्व्ह काढून बघतात, पंप खोलतात, क्वचित मोटर रिवाइंडिंगलाही देतात. पुष्कळदा मोटर फक्त उलटी फिरत असते, आणि दोन वायरी बदलल्या की काम होतं. पण त्या दोन वायरी कुठल्या, त्या कुठे बदलायच्या आणि घरच्या सिंगल फेज मोटरला हा उपाय का चालत नाही, हे समजून घेऊया. मेसेज लांब आहे. सेव्ह करून ठेवा आणि तुमच्या वायरमनलाही पाठवा.

*१) उलटी मोटर ओळखायची कशी?*

आपला पाणी खेचणारा पंप सेंट्रिफ्यूगल असतो. तो उलटा फिरला तर पाणी उलटं विहिरीत जातं, असा समज आहे. तसं होत नाही. इम्पेलर कुठल्याही बाजूने फिरला तरी पाणी बाहेरच्याच बाजूला फेकतो, मात्र पात्यांचा बाक उलटा पडल्यामुळे जोर राहत नाही. त्यामुळे पाणी येतं, पण थोडं आणि दाबाशिवाय. विहीर खोल असेल किंवा बाग चढावर असेल, तर वरपर्यंत अजिबात पोचत नाही. म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

पहिली खूण म्हणजे वेळ. फूटव्हॉल्व्ह गळत असेल, इम्पेलर झिजला असेल किंवा पाण्याची पातळी उतरली असेल, तर पाणी साधारणपणे दिवसांगणिक कमी होत जातं. मोटर उलटी झाली तर काल पुरं असलेलं पाणी आज एकदम कमी होतं, आणि मधल्या वेळेत कुणीतरी वायरला हात लावलेला असतो : डीपीवर काम झालं, झाड पडून तुटलेली लाईन जोडली, सर्व्हिस वायर बदलली, नवा स्टार्टर बसवला किंवा मोटर रिवाइंडिंग होऊन आली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावर खांब पाडले आणि तारा तोडल्या होत्या. तेवढं मोठं काम असो की एका जंपरचं, तारा परत जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली तर त्या लाईनवरच्या सगळ्या थ्री फेज मोटरी उलट्या फिरतात.

दुसरी खूण डोळ्यांनी बघायची. मोनोब्लॉकच्या बॉडीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. मोटरच्या मागच्या जाळीतून कूलिंगचा पंखा दिसतो. स्टार्टर दाबून लगेच बंद करा आणि पंखा *सुरू होताना* कुठल्या बाजूला वळला ते बाणाशी ताडून बघा. बंद होतानाची दिशा धरू नका. फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर वरचं पाणी खाली येताना इम्पेलरला उलटं फिरवतं आणि त्यावरून फसगत होते. पंपात पाणी भरलेलं असू द्या, कोरडा पंप फिरवलात तर सील जळेल.

सबमर्सिबल पंप पाण्याखाली असल्यामुळे पंखा दिसणार नाही. तिथे मापानेच ठरवायचं. उदाहरण घेऊ. समजा ५ एचपीच्या पंपाने तुमचा २०० लिटरचा ड्रम एरवी ४० सेकंदांत भरायचा, आणि आता ७५ सेकंद लागतात. व्हॉल्व्ह होता तसाच ठेवा, खाली सांगितल्याप्रमाणे दोन वायरी बदला आणि परत ड्रम लावा. वेळ पुन्हा ४० च्या आसपास आली, तर दोष दिशेचाच होता. ७५ चे ११० झाले, तर मोटर आधी सुलटीच होती, दोष दुसरीकडे आहे. वायरी पूर्ववत करा. दोन दिशांपैकी जिच्यात पाणी आणि दाब जास्त, तीच सुलटी दिशा. दोन चाचण्यांच्या मध्ये पाच मिनिटं थांबा, पाईपातलं पाणी खाली उतरून इम्पेलर स्थिर होऊ द्या.

"पाणी येतंय ना, मग चालू दे" असं करू नका. उलट्या फिरण्यामुळे इम्पेलरचा नट सैल होऊ शकतो. काही पंपांत इम्पेलर शाफ्टवर आट्यांनीच बसवलेला असतो, तो सुटून बॉडीवर घासतो. वर अर्ध्या पाण्यासाठी तेवढीच वीज जळते.

*२) दोन वायरी बदलल्या की दिशा का बदलते?*

अंगणात तीन माणसं सारख्या अंतरावर गोल उभी करा : राजू, यशवंत आणि बाबू. मध्ये एक मूल उभं आहे. जो टाळी वाजवेल त्याच्याकडे मुलाने तोंड वळवायचं. राजू, यशवंत, बाबू, परत राजू अशा क्रमाने टाळ्या पडल्या की मूल एका बाजूने गोल फिरत राहतं.

मोटरमध्ये हेच चालतं. तीन माणसं म्हणजे स्टेटरमधली तीन वाइंडिंग आणि मूल म्हणजे रोटर. आपल्या विजेत सेकंदाला ५० आवर्तनं होतात. आर, वाय आणि बी या तीन फेजचा जोर एकाच वेळी येत नाही, एकापाठोपाठ एक येतो, प्रत्येकी सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या अंतराने. त्यामुळे मोटरच्या आत चुंबकाचा जोर गोल फिरतो आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. पंपाच्या मोटरी बहुधा दोन पोलच्या असतात. त्यांच्यात हा जोर मिनिटाला ३००० फेरे मारतो आणि रोटर त्याच्या थोडा मागे राहून २८५० ते २९०० च्या दरम्यान फिरतो.

आता यशवंत आणि बाबूने जागा बदलल्या, पण टाळ्यांचा क्रम तोच ठेवला. राजूनंतर यशवंत टाळी वाजवणार, पण तो आता दुसऱ्या बाजूला उभा आहे. मूल उलट्या बाजूला वळेल. कुठल्याही दोघांनी जागा बदलल्या तरी हेच होईल. म्हणून थ्री फेज मोटरच्या *कुठल्याही दोन* वायरी बदला, मोटर उलटी होते. आर-वाय, वाय-बी की आर-बी, यात फरक नाही.

पण तिघेही एकेक जागा पुढे सरकले तर? राजू यशवंतच्या जागी, यशवंत बाबूच्या, बाबू राजूच्या. टाळ्या फक्त दुसऱ्या ठिकाणाहून सुरू होतील, फिरण्याची दिशा तीच राहील. पुष्कळांची गडबड इथेच होते. तिन्ही वायरी काढतात, सगळ्या बदलून लावतात आणि म्हणतात, "बदलून बघितलं, काही फरक नाही." तीन वायरी लावण्याच्या एकूण सहा पद्धती आहेत, तीन सुलट्या आणि तीन उलट्या. तिसरी वायर जागची हलवायचीच नाही, हे लक्षात ठेवा. तिला आधीच टेप गुंडाळून खूण करा.

*३) वायरी कुठे बदलायच्या?*

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या जागी बदल केला तर आजचं काम होतं आणि महिन्याभराने पुन्हा तीच कटकट उभी राहते. आधी ठरवा, उलटं नक्की काय झालंय?

*फक्त एकच मोटर उलटी*, बाकीच्या मोटरी ठीक : म्हणजे लाईन बरोबर आहे. नवीन किंवा रिवाइंडिंग होऊन आलेल्या मोटरच्या बाबतीत असं होतं. स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी दोन बदला.

*तुमच्या सगळ्या थ्री फेज मोटरी उलट्या*, शेजाऱ्यांच्या मात्र ठीक : दोष तुमच्या सर्व्हिस वायर, मीटर किंवा मेन स्विचच्या जोडणीत आहे. तुमच्या वायरमनकडून मेन स्विचच्या पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्या आतल्या वायरिंगकडे जाणाऱ्या दोन फेज बदलून घ्या. सगळ्या मोटरी एकदम सुलट्या होतील.

*आजूबाजूच्या सगळ्यांच्याच मोटरी उलट्या* : बदल डीपीवर किंवा लाईनवर झालाय. तिथे फक्त महावितरणच्या लाईनमनने हात लावायचा, आपण नाही. तक्रार नोंदवा आणि थांबा. प्रत्येकाने आपापल्या स्टार्टरमध्ये वायरी बदलल्या आणि नंतर लाईनमनने लाईन दुरुस्त केली, तर सगळ्यांच्या मोटरी परत उलट्या होतील. शिंपण अडलं म्हणून बदल करावाच लागला, तर स्टार्टरच्या झाकणावर तारीख घालून लिहून ठेवा.

ज्यांच्या स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर आहे त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. बरेच प्रिव्हेंटर फेज गेल्यावर जसे मोटर बंद करतात, तसे फेजचा क्रम उलटा झाल्यावरही मोटर चालू होऊ देत नाहीत. लाईनच्या कामानंतर तिन्ही फेज असूनही मोटर उचलत नसेल, तर तेच कारण असू शकतं. प्रिव्हेंटर *येणारी* लाईन बघतो. त्यामुळे मोटरकडच्या वायरी कितीही बदलल्या तरी तो ऐकणार नाही, बदल त्याच्या आधी, येणाऱ्या बाजूलाच करावा लागतो. आणि प्रिव्हेंटर काढून मोटर डायरेक्ट केली, तर पुढच्या वेळी एक फेज गेल्यावर वाइंडिंग जळेल.

*स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर* मोटरकडे सहा वायरी जातात. त्या सहांना हात लावू नका. त्यांत एकेका वाइंडिंगची दोन टोकं ठराविक जोडीने येतात. जोडी बिघडली तर मोटर स्टारमध्ये सुरू होईलही, पण डेल्टा पडताना जोराचा झटका बसेल, फ्यूज उडतील किंवा वाइंडिंग जाईल. अशा वेळी त्या स्टार्टरला येणाऱ्या तीन वायरींपैकी दोन बदलायच्या. स्टार आणि डेल्टा दोन्ही मग आपोआप एकाच दिशेने चालतात.

काम करताना क्रम असा ठेवा : मेन स्विच बंद करा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो चालतोय याची खात्री करा, मग स्टार्टरचे तिन्ही टर्मिनल तपासा. त्यानंतर दोन वायरी बदला. न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर या अदलाबदलीत येता कामा नये. फेज आणि न्यूट्रल बदलले गेले, तर घरातल्या २३० व्होल्टच्या वस्तूंवर ४०० च्या वर व्होल्टेज येईल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लग हिरवे पडतात. ते घासून स्वच्छ करा आणि स्क्रू घट्ट आवळा. ढिला स्क्रू म्हणजे काही दिवसांनी एक फेज गेलीच समजा. ओल्या जागेत, ओल्या हातांनी हे काम करू नका. सवय नसेल तर परवानाधारक वायरमनलाच बोलवा, मात्र तो काय बदलतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

*४) सिंगल फेज मोटरला हे का चालत नाही?*

घरच्या बावीवरचा १ एचपीचा पंप किंवा घरातली पिठाची छोटी चक्की सिंगल फेजवर चालते. तिच्या दोन वायरी, फेज आणि न्यूट्रल, बदलून बघा. मोटर पूर्वीच्याच दिशेने फिरेल.

परत अंगणात येऊ. सिंगल फेज म्हणजे फक्त दोन माणसं समोरासमोर उभी आहेत आणि आळीपाळीने टाळ्या वाजवतात. मधल्या मुलाने वळायचं कुठून, डावीकडून की उजवीकडून? दोन्ही बाजू सारख्याच. मूल जागच्या जागी गोंधळून उभं राहील. एका वाइंडिंगवर सिंगल फेज दिली की मोटरचंही हेच होतं : गूं गूं आवाज करते, गरम होते, पण फिरत नाही. मात्र कुणी एका बाजूला ढकललं, तर त्याच बाजूने फिरत राहते.

म्हणून कारखान्यातच या मोटरीत दुसरं वाइंडिंग घालतात, त्याला आपण स्टार्टिंग म्हणतो, आणि त्याच्या वाटेत कंडेन्सर लावतात. कंडेन्सरमुळे स्टार्टिंगचा जोर मेन वाइंडिंगच्या थोडा आधी येतो. म्हणजे दोघांच्या बाजूला तिसरा माणूस उभा केला, जो जरा आधी टाळी वाजवतो. आता मुलाला बाजू कळते. हा तिसरा माणूस उजवीकडे उभा असेल तर मूल एका दिशेने फिरतं, तो डावीकडे गेला तर उलट्या दिशेने.

याचा अर्थ दिशा बदलायची तर *एकाच* वाइंडिंगची दोन टोकं उलटी करावी लागतात, स्टार्टिंगची किंवा मेनची. बाहेरून फेज-न्यूट्रल बदलले की दोन्ही वाइंडिंग एकदम उलटी होतात. अंगणातली तिन्ही माणसं अर्धा फेरा फिरून समोरच्या बाजूला गेली, असं समजा. त्यांची आपसातली जागा तीच राहिली, म्हणून मुलाची दिशाही तीच.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते : *लाईनचं काम झाल्यामुळे सिंगल फेज मोटर उलटी होत नाही.* तिचं पाणी कमी झालं, तर फूटव्हॉल्व्ह, कंडेन्सर आणि व्होल्टेज बघा. ती उलटी फिरण्याची शक्यता दोनच वेळी : रिवाइंडिंगनंतर, किंवा सबमर्सिबलच्या पॅनेलमध्ये वायरी चुकीच्या लागल्यावर.

ज्या मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्ये मेनची दोन आणि स्टार्टिंगची दोन अशी चारही टोकं बाहेर आहेत, तिथे स्टार्टिंगची दोन टोकं आपसात बदलता येतात. हे काम मोटर पूर्ण थांबल्यावरच करायचं. रिवाइंडरने एक जोड आतच करून तीनच वायरी बाहेर काढल्या असतील, तर मोटर त्याच्याकडे परत न्या, बाहेरून अदलाबदल करू नका.

सबमर्सिबलच्या तीन वायरींचं असंच आहे. त्या लाल, पिवळ्या आणि निळ्या असतात, त्यामुळे थ्री फेजसारख्या वाटतात. तसं नाही. त्या मेन, स्टार्टिंग आणि कॉमन आहेत, आणि कुठला रंग कशाचा हे प्रत्येक कंपनीत वेगळं असू शकतं. इथे "दोन वायरी बदलून बघू" केलं तर मोटर कदाचित उलटी फिरेलही, पण मेनचा करंट बारीक तारेच्या स्टार्टिंग वाइंडिंगमधून जाईल आणि ते जळेल.

पॅनेलवरचा नकाशा पुसला असेल तर मल्टीमीटरने ओळखा. लाईट बंद करा, तिन्ही वायरी पॅनेलमधून सोडवा आणि दोन-दोनच्या जोडीने ओहम मोजा. समजा लाल-पिवळा ८, पिवळा-निळा ५ आणि लाल-निळा ३ आला. सगळ्यांत जास्त आकडा लाल-पिवळ्याचा, म्हणजे त्यात *नसलेली* निळी वायर कॉमन. निळ्याशी लाल ३ दाखवते, ती मेन. निळ्याशी पिवळी ५ दाखवते, ती स्टार्टिंग. ३ आणि ५ मिळून ८ होतात, म्हणजे मोजणी बरोबर. तुमच्या मोटरीचे आकडे वेगळे असतील, हिशोब हाच. कंडेन्सरला हात लावण्यापूर्वी जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरची दोन टोकं त्याच्या दोन टर्मिनलना काही सेकंद लावा, साठलेला करंट उतरेल. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

*५) गूं गूं करणारी मोटर*

सिंगल फेज मोटर नुसती गूं गूं करत असेल, तर तिचा "तिसरा माणूस" गप्प आहे : कंडेन्सर गेला, किंवा स्टार्टिंगची जोडणी तुटली. थ्री फेज मोटर गूं गूं करत असेल, तर तिची एक फेज गेली आहे, आणि उरलेल्या दोन वायरींवर तीही सिंगल फेज मोटरच झाली आहे. दोन्ही वेळा लगेच बंद करा. शाफ्टला किंवा पंख्याला काठीने ढकलून चालू करू नका. तुम्ही ढकलाल त्या बाजूने ती फिरेल, सुलटी की उलटी हे तुमच्या काठीवर ठरेल, आणि थ्री फेज मोटर तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळेल.

*आज करायचं काम* : मोटर सुलटी चालत असतानाच ड्रम लावून वेळ मोजा. स्टार्टरच्या झाकणावर आतून तारीख, सेकंद आणि तिन्ही वायरींचे रंग कुठल्या टर्मिनलला आहेत ते मार्करने लिहा, आणि फोनवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी लाईनचं काम झालं की त्याच ड्रमाने पाच मिनिटांत कळेल, पंप खोलायचा की दोन वायरी बदलायच्या.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
मालवण, सिंधुदुर्ग